फ्री ट्रायलचे पैसे अचानक का कापले जातात, आणि तुम्ही ट्रायल आधी वापरलीय हे त्यांना कळतं कसं

ट्रायल सुरू करताना कार्ड का मागतात, इथूनच सुरू करू. फ्री ट्रायल म्हणजे सिस्टीमच्या हिशोबाने तुम्ही घेतलेलं रीतसर सबस्क्रिप्शनच असतं, फक्त पहिल्या काही दिवसांचा दर शून्य लावलेला असतो. बटण दाबलं त्या क्षणीच "अमुक तारखेपासून माझ्याकडून पैसे घ्या" ही परवानगी दिली गेलेली असते आणि ट्रायल संपताना तुम्हाला पुन्हा कोणी काही विचारत नाही. म्हणून "मी तर पुढे हो म्हटलंच नव्हतं" ही तक्रार कस्टमर केअरकडे टिकत नाही, हो तर पहिल्याच दिवशी म्हणून झालंय. कार्ड टाकल्यावर कधीकधी एक छोटी रक्कम कापलेली दिसते आणि थोड्या दिवसांत परत येते, ती फक्त कार्ड चालू आहे का हे तपासायला अडवून ठेवलेली असते, त्याला घाबरायचं कारण नाही.

हे सगळं मोबाईलवरच्या ॲपचं उदाहरण धरून सांगतो, कारण नवीन लोकांचे पैसे बहुतेक तिथेच जातात. वेबसाईटवर थेट घेतलेल्या ट्रायलमध्ये काय वेगळं असतं ते मधेमधे येईलच.

पायरी १: शेवटचा चौकोन वाचा, आधीचा रंगीत पडदा नको

ॲप उघडलं की मोठ्या अक्षरात "७ दिवस फ्री" असं येतं ना, तो पडदा ॲप बनवणाऱ्यांनी काढलेला असतो. त्यावरचं बटण दाबलं की खालून अजून एक साधासा चौकोन वर येतो, ज्यात तुमचा अकाउंट, कार्ड आणि रक्कम दिसते आणि बोट किंवा चेहरा किंवा पासवर्ड मागितला जातो. हा चौकोन ॲपचा नसतो, ॲपलच्या किंवा गुगलच्या स्टोअरचा असतो. पैसे स्टोअर घेणार, त्यामुळे खरी अट त्या चौकोनातलीच.

तिथे दोनच गोष्टी बघायच्या: आज किती कापणार, आणि कुठल्या तारखेपासून किती. ट्रायल खरंच मिळत असेल तर आज शून्य किंवा फ्री असं स्पष्ट दिसतं आणि पुढची तारीख दिसते. फ्रीचा उल्लेखच नाही, नुसती रक्कम आहे, तर तुम्हाला ट्रायल मिळत नाहीये, बोट लावलं की पैसे गेले. मागच्या पडद्यावर काहीही लिहिलेलं असो.

असं दोन ठिकाणी दोन वेगळं का दिसतं? कारण ट्रायलची जाहिरात दाखवायची की नाही हे ॲप ठरवतं आणि ट्रायल द्यायची की नाही हे स्टोअर ठरवतं. नीट बनवलेलं ॲप आधी स्टोअरला विचारतं की बाबा हा माणूस पात्र आहे का, आणि नसेल तर "फ्री" हा शब्दच लपवतं. आळशी ॲप सगळ्यांना तोच पडदा दाखवतं. आणि काही ॲप मुद्दाम करतात असं माझं मत आहे, पण ते सिद्ध करायला जाऊ नका, चौकोन वाचा.

अजून एक, पडद्यावर दर आठवड्याच्या हिशोबात लिहिलेला असतो आणि प्लॅन निघतो वर्षाचा. म्हणजे आठवड्याला थोडेसेच पैसे असं वाटतं आणि आठव्या दिवशी अख्ख्या वर्षाचे एकदम कापले जातात. हे पण चौकोनातच कळतं, रकमेच्या शेजारी महिना लिहिलाय की वर्ष ते बघा.

आणि त्या चौकोनाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे वाद झाला तर तोच कामाला येतो.

पायरी २: ट्रायल नक्की कधी संपते ते काढा

इथे बहुतेक जण फसतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा फोटो एडिट करायच्या एका ॲपची ७ दिवसांची ट्रायल तुम्ही आयफोनवर ३ तारखेला रात्री १० वाजून ४० मिनिटांनी घेतली. आपण मनात मोजतो की ७ दिवस म्हणजे १० तारीख, १० ला दिवसभरात कधीतरी बंद करू. पण सिस्टीम तारीख मोजत नाही, घड्याळ मोजते. ट्रायल संपणार १० तारखेला रात्री १०:४० ला. आणि ॲपलचं पुढचं बिल हे संपण्याच्या आधीच्या २४ तासांत कधीही लागू शकतं, म्हणजे ९ तारखेच्या रात्री १०:४० पासून पुढे केव्हाही. ॲपल स्वतःच सांगतं की ट्रायल नको असेल तर संपायच्या किमान २४ तास आधी बंद करा. म्हणजे १० तारखेला सकाळी चहा पिताना बंद करायला गेलात तर तोपर्यंत पैसे जाऊन बसलेले असू शकतात, आणि तुम्ही म्हणणार अजून तर एक दिवस बाकी होता.

म्हणून हिशोब असा करा: संपायची वेळ काढा, त्यातून २४ तास वजा करा, आणि वर अजून एक दिवस स्वतःसाठी ठेवा. वरच्या उदाहरणात ८ तारखेचा रिमाइंडर लावायचा. वेबसाईटवरच्या ट्रायलमध्ये तर संपायची वेळ कंपनीच्या सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे असू शकते, तो दुसऱ्या देशाच्या वेळेवर चालत असला तर तुमच्याकडे ९ तारीख असताना तिकडे १० उजाडलेली असते. तिथे तर शेवटच्या दिवसाच्या भरवशावर राहूच नका.

रिमाइंडरचा ईमेल येईल म्हणून थांबू नका. व्हिसाने २०२० मध्ये ट्रायल देणाऱ्या दुकानदारांसाठी नियम कडक केले, पैसे घेण्याआधी आठवण द्यायची आणि ऑनलाइन बंद करायची सोय द्यायची वगैरे. पण तो ईमेल प्रमोशनच्या ढिगाऱ्यात जाऊन पडतो किंवा ज्या जुन्या पत्त्याने अकाउंट उघडलाय तिकडे जातो, आणि आपण तो पत्ता वर्षभर उघडलेला नसतो.

पायरी ३: बंद कुठून करायचं

ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं होत नाही. ॲपच्या आत जाऊन अकाउंट डिलीट केला तरी स्टोअरचं सबस्क्रिप्शन आपोआप बंद होत नाही, आणि हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे, कारण माणूस अकाउंट उडवून निर्धास्त होतो आणि पैसे महिनोनमहिने जात राहतात. पैसे जो घेतो त्याच्याकडेच जाऊन बंद करावं लागतं.

आयफोनवर `Settings` उघडा, सगळ्यात वर तुमच्या नावावर टॅप करा, मग `Subscriptions`, तिथे ते ॲप निवडून `Cancel Subscription`. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर टॅप करा, मग `Payments & subscriptions`, मग `Subscriptions`. कॉम्प्युटरवरून करायचं तर हा पत्ता:

```
play.google.com/store/account/subscriptions
```

यादीत ॲप दिसतच नसेल तर दोन शक्यता आहेत. एक, फोनवर दोन अकाउंट आहेत आणि ट्रायल दुसऱ्यावर घेतलीय, अकाउंट बदलून बघा. दोन, ट्रायल स्टोअरमधून नाही तर कंपनीच्या वेबसाईटवर कार्ड टाकून घेतलीय, मग ती तिथेच लॉगिन करून बंद करावी लागते. खात्री कशी करायची? पैसे कापल्याची नोंद किंवा पावतीचा ईमेल बघा. स्टेटमेंटवर `APPLE.COM/BILL` असेल तर ॲपल, `GOOGLE *` ने सुरू होत असेल तर गुगल, आणि थेट कंपनीचं नाव असेल तर वेबसाईट.

बंद केल्यावर लगेच बाहेर पडू नका, परत त्या यादीत येऊन एकदा बघा. आयफोनवर चालू सबस्क्रिप्शनखाली पुढे रिन्यू कधी होणार ती तारीख असते, बंद केलेल्याखाली ते संपणार कधी अशी तारीख येते. रिन्यूची तारीख अजून दिसतेय म्हणजे बंद झालेलं नाही. बऱ्याच ॲप आणि वेबसाईटवर मधेच "जाऊ नका, अर्ध्या दरात घ्या" असा पडदा येतो आणि लोक त्यालाच बंद झाल्याची पोच समजून निघून जातात, तर तसं नसतं, त्याच्या पुढे अजून एक बटण असतं.

मग पहिल्याच दिवशी बंद करून टाकलं तर? बहुतेक ॲपमध्ये चालतं, बंद केलं तरी उरलेले दिवस वापरता येतात, आणि मी स्वतः हेच करतो, ट्रायल घेतली की दोन मिनिटांत बंद. पण अपवाद आहेत. ॲपलच्या स्वतःच्या काही सेवांची ट्रायल बंद करताच तिथल्या तिथे संपते, काही वेबसाईटही असंच करतात. बंद करताना येणाऱ्या मेसेजमध्ये अमुक तारखेपर्यंत वापरता येईल असं लिहिलेलं असतं किंवा लगेच बंद होईल असं, तो वाचून मग ठरवा.

कार्ड ब्लॉक करून सुटका होईल असंही काही जण सांगतात. व्हिसा आणि मास्टरकार्डकडे अशी सोय आहे की बँकेने नवीन कार्ड दिलं की त्याचा नवा नंबर आणि मुदत आधीच्या दुकानदारांपर्यंत आपोआप पोचू शकते, त्यामुळे नव्या कार्डावरही वसुली सुरू राहू शकते. कार्डात पैसेच ठेवले नाहीत तर? बिल फेल होतं, पण विषय संपत नाही, ॲपल ६० दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतं. मधे कधीतरी खात्यात पैसे आले की गेलेच.

आता दुसरा भाग: त्यांना कसं कळतं

"मी नवीन ईमेलने अकाउंट काढला तरी म्हणतात ट्रायल वापरलीय", किंवा उलटं, "मी आयुष्यात पहिल्यांदा हे ॲप उघडलं आणि तरी ट्रायल नाही". दोन्हीचं उत्तर एकच आहे, ट्रायलची नोंद फक्त तुमच्या ईमेलपाशी ठेवलेली नसते, ती एकावर एक चढवलेल्या थरांमध्ये असते.

पहिला थर स्टोअरचा. ॲपलकडे एका ॲपचे महिन्याचे, वर्षाचे, साधे, प्रो असे प्लॅन एका गटात ठेवलेले असतात आणि एका ॲपल अकाउंटला एका गटात ट्रायल एकदाच मिळते. म्हणजे आधी महिन्याच्या प्लॅनची ट्रायल घेऊ, ती संपली की वर्षाच्या प्लॅनची घेऊ, हे जमत नाही जर दोन्ही एकाच गटात असतील, आणि बहुतेक वेळा असतातच. ॲपमध्ये लॉगिन कुठल्या ईमेलने केलंय याच्याशी स्टोअरला देणंघेणं नाही, त्याला फक्त फोनवरचा ॲपल अकाउंट दिसतो. ॲपमध्ये नवा अकाउंट काढूनही ट्रायल मिळत नाही ती यामुळेच. गुगलकडे थोडं वेगळं आहे, तिथे डेव्हलपर निवडतो की ज्याने हे सबस्क्रिप्शन कधीच घेतलं नाही त्याला ट्रायल द्यायची, की ज्याने या ॲपमधलं कुठलंच सबस्क्रिप्शन कधी घेतलं नाही त्यालाच द्यायची. तीन वर्षांपूर्वी पैसे भरून एक महिना वापरलं असेल, ट्रायल घेतलीच नसेल, तरी दुसऱ्या अटीत तुम्ही बाद.

दुसरा थर कार्डाचा, हा वेबसाईटवर जास्त चालतो. कंपनीकडे तुमचा पूर्ण कार्ड नंबर बहुतेक वेळा नसतोच, तो पेमेंट कंपनीकडे असतो. पण पेमेंट कंपनी त्या नंबरपासून एक ठरावीक खूण बनवून देते. स्ट्राइपमध्ये याला `fingerprint` म्हणतात, तोच कार्ड नंबर कुठल्याही नावाने, कुठल्याही ईमेलने टाकला तरी खूण तीच येते. मग कंपनीला एवढंच तपासायचं असतं की या खुणेवर आधी ट्रायल गेलीय का. घरात एकच कार्ड सगळे वापरत असतील तर भावाने घेतलेली ट्रायल तुमच्या नावावर मोजली जाते ती अशी.

ईमेलचा थर सगळ्यात पातळ, पण तोही वाटतो तितका भोळा नाही. जीमेलमध्ये पत्त्यातल्या टिंबांना काही अर्थ नसतो आणि `+` नंतरचं काहीही चालतं, सगळं एकाच इनबॉक्समध्ये येतं. ही युक्ती इतकी जुनी आहे की बऱ्याच कंपन्या तपासायच्या आधी टिंबं आणि `+` नंतरचा भाग काढून टाकतात, म्हणजे तुमचे पाच पत्ते त्यांना एकच दिसतात. दहा मिनिटांच्या तात्पुरत्या ईमेलवाल्या साईटच्या तर तयार याद्याच मिळतात, त्या पत्त्याने अकाउंट उघडायलाच नकार येतो.

आणि मग फोनचा थर, जो लोकांना माहीतच नसतो. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर `DeviceCheck` नावाची सोय आणली. यात प्रत्येक डेव्हलपरला प्रत्येक फोनमागे फक्त दोन बिट मिळतात, म्हणजे हो-नाहीच्या दोन खुणा, आणि त्या ॲपलच्या सर्व्हरवर राहतात. एक खूण "या फोनवर ट्रायल दिली" यासाठी वापरली की झालं. ॲप काढून परत टाकलं तरी ती तशीच, फोन पूर्ण रिसेट केला तरी तशीच. त्यात तुमचं नाव, नंबर काहीच नसतं, दोन बिटमध्ये मावणार तरी काय, पण ट्रायल नाकारायला तेवढं पुरतं. गंमत अशी की सेकंडहॅंड फोन घेतला आणि आधीच्या मालकाने ते ॲप वापरलेलं असेल तर ती खूण तुमच्या वाट्याला येऊ शकते, डेव्हलपरने ती स्वतःहून पुसली नाही तर. "आयुष्यात पहिल्यांदा उघडलं" वाल्यांपैकी काहींचं कारण हेच असतं.

अँड्रॉइडवर ॲपना जो फोनचा ओळखनंबर मिळतो तो अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक डेव्हलपरसाठी वेगळा असतो आणि फोन रिसेट केल्यावर बदलतो, त्यामुळे तिथे कंपन्या फोनपेक्षा गुगल अकाउंटच्या इतिहासावर जास्त भिस्त ठेवतात.

ऑफिसच्या टूलमध्ये अजून एक प्रकार आहे, ट्रायल माणसाला नाही तर टीमला किंवा ईमेलच्या डोमेनला दिली जाते. सहकाऱ्याने मागच्या वर्षी कधीतरी करून बघितलं असेल तर तुमच्या ऑफिसच्या ईमेलवर ट्रायल संपलेलीच दिसणार. अशा वेळी सरळ त्यांच्या सेल्सवाल्यांना लिहा, तिथे माणूस बसलेला असतो आणि ट्रायल वाढवून देणं त्याच्या हातात असतं.

तुम्ही खरंच पात्र असून नाकारलं जात असेल तर सपोर्टला लिहिताना "ट्रायल मिळत नाही" एवढंच लिहू नका. फोन जुना विकत घेतलाय का, कार्ड घरात कोण कोण वापरतं, स्टोअरचा अकाउंट कुठला आहे हे सांगा, म्हणजे समोरच्याला कुठल्या थरावर अडलंय ते शोधता येतं. फक्त एक लक्षात घ्या, स्टोअरच्या थरावर अडलं असेल तर डेव्हलपर ती नोंद पुसू शकत नाही, तो फार तर वेगळा ऑफर कोड देऊ शकतो. तोच मागा.

पैसे गेलेच असतील तर

आधी सबस्क्रिप्शन बंद करा, मग परतावा मागा, या क्रमाने. नाहीतर परताव्याच्या नादात पुढचा महिनापण लागतो.

ॲपलसाठी `reportaproblem.apple.com` वर त्याच अकाउंटने लॉगिन करून परतावा मागायचा पर्याय निवडा, कारण निवडा, आणि ती पावती निवडा. उत्तर साधारण एकदोन दिवसांत येतं. गुगलकडे ४८ तासांच्या आत मागितलं तर प्ले स्टोअरच्या साईटवरूनच अर्ज होतो, त्यानंतर गेलात तर गुगल बहुधा डेव्हलपरकडे पाठवतं. वेबसाईटवर थेट घेतलेलं असेल तर ईमेल लिहा, आणि त्यात पैसे कापल्यानंतर सेवा वापरली नाही हे आवर्जून लिहा, कारण ते लॉग बघतातच. म्हणूनच पैसे गेल्याचं कळल्यावर "आता गेलेच आहेत तर वापरून घेऊ" असं करू नका, एकदा लॉगिन करून दोन फोटो एडिट केले की परताव्याची बाजू कमजोर होते.

बँकेकडे जाऊन व्यवहारावर हरकत घेणं हा शेवटचा मार्ग ठेवा. तो चालतो, विशेषतः बंद केल्याची पोच असूनही पैसे कापले असतील तर, पण कंपनी बऱ्याचदा तो अकाउंटच बंद करून टाकते. स्टोअरच्या बिलावर हरकत घेतली तर आधी विकत घेतलेल्या बाकी गोष्टीही अडकू शकतात. ट्रायलच्या चौकोनाचा स्क्रीनशॉट आणि बंद केल्याचा ईमेल हे दोन्ही हातात असतील तरच त्या वाटेला जा.

आणि परतावा मिळाला म्हणजे ट्रायल परत मिळाली असं साधारणपणे होत नाही. पैसे परत येतात, वापरल्याची नोंद राहते. तेच ॲप पुढच्या वर्षी परत उघडलंत तर मोठ्या अक्षरातलं "७ दिवस फ्री" कदाचित तसंच दिसेल आणि खालच्या चौकोनात नुसती रक्कम असेल.